समासाची परवानगी

आमच्या भूमितीच्या बाईंना कागद पाठवून लाल शाईशिवाय तो परत मिळालेला माणूस नाशिक जिल्ह्यात मला अजून भेटायचा आहे. लग्नपत्रिकासुद्धा सुटायची नाही. भाचीच्या पत्रिकेवर ‘स्थळ दिले, जायचे कसे ते दिले नाही, अपुरी माहिती’ असा शेरा मारून त्यांनी ती परत पाठवली आणि लग्नाला मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, तपासणी सुटली नाही.

मी त्यांची विद्यार्थिनी, आता सुरगाण्याकडे शिकवते. बाईंच्या हाताने लिहिलेल्या, तासाच्या तयारीच्या टाचणवह्या टाईप करून माझ्या मुलांना द्याव्यात म्हणून मी परवानगी मागणारं दोन ओळींचं पत्र धाडलं. ते परत आलं. ‘कोणत्या वह्या? टाईप कोण करणार? चूक सापडली तर? विकणार? दहापैकी दोन.’ मग मी नीट लिहिलं: नववी-दहावीच्या भूमितीच्या वह्या; फोटो तुमच्या घरीच काढीन, वही घराबाहेर नेणार नाही; टाईप केलेलं पान आधी तुम्हाला दाखवीन; न विचारता शब्द बदलणार नाही; पानावर तुमचं नाव राहील; फक्त माझ्या शाळेत, फुकट; तुम्ही थांब म्हटलंत की थांबेन. आठ गुण मिळाले. खाली सहीनिशी परवानगी आणि एक अट: ‘समासातले काहीही घेऊ नये.’

समासातच तर बाई होत्या! ‘मंगल रडली. भाकरीचे तुकडे करून दाखवले.’ ‘आज मलाच सुचले नाही, उद्या सांगते म्हटले.’ मी हळहळले, तर म्हणाल्या, “अगं, त्या पोरी आता कोणाकोणाच्या सासवा झाल्यात. त्यांचं रडणं वाटायची परवानगी मी कशी देऊ?”

मी समास गाळला. छापलेली पानं बाईंनी दोन दुपारी बसून तपासली. एकही लाल खूण नाही. मी खूश. पेनाला टोपण लावत त्या म्हणाल्या, “बिनचूक आहे. पण कंटाळवाणी वाटतेय ना गं मी यात?”

“नावं झाकून समास घेऊ का?”

“तोंडी नाही चालायचं. नवीन पत्र दे. नावं कशी झाकणार, तेही लिही.”

मी लिहिलं. मन लावून लिहिलं. टपालात टाकलं आणि त्याच आठवड्यात बाई गेल्या. त्यांच्या भाचीला ते पत्र टेबलावर सापडलं, पाकीट फोडलेलं नव्हतं. तेव्हा मी रागावले होते बाईंवर, अजूनही मधूनच रागावते. तोंडी हो म्हणाल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

परवा वर्गात एक मुलगी ती पानं चाळत म्हणाली, “मॅडम, या बाईंना कधी काय अडलंच नाय का?”

“अडायचं गं, खूप अडायचं,” मी म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. ‘आज मलाच सुचले नाही’ या ओळीचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. दाखवायची परवानगी नव्हती.