परिचयपत्रातला नंबर

मला राग पटकन येतो. माझ्या कामावर कोणी शंका घेतली तर त्याहून लवकर येतो. आई म्हणायची, तुझ्या नाकावर राग आणि जिभेवर वकील. वकिलाचं मला पटायचं नाही. बाजू माझी बरोबर असली तर मांडायची नाही का?

कळव्याला घरी बसून मी लहानसहान लोकांच्या वेबसाइट सांभाळते. दोन शाळा, एक नेत्रालय, आणि डोंबिवलीतलं एक वधू-वर सूचक मंडळ. मंडळ चालवणाऱ्या काकू निवृत्त मुख्याध्यापिका. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत शनिवार-रविवार चार ते सात बसतात आणि अजूनही हजेरी घेतल्यासारखं नाव पुकारून लोकांना आत बोलावतात. पूर्वी फाइली होत्या, आता मी लाराव्हेल या वेबसाइट बांधायच्या साधनात केलेली साइट आहे. काकूंनी एखादं स्थळ निवडून 'पाठवा' दाबलं की परिचयपत्राची पीडीएफ तयार होऊन समोरच्या घरी ईमेलने जाते.

गेल्या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. मंडळातल्या एका मुलीला त्रास होत होता. मुलगी म्हणजे चौतीस वर्षांची फिजिओथेरपिस्ट, कल्याणला राहणारी, ठाण्यात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना व्यायाम देणारी. तिने एका मुलाला नकार दिला होता आणि तो ऐकायला तयार नव्हता. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून फोन. शेवटी तिने सिम बदललं. नवा नंबर फक्त पेशंटना दिला आणि नाइलाजाने मंडळाला, कारण तो नोंदीत लागतोच.

"त्या मुलाचं नाव मी काढून टाकलंय," काकू म्हणाल्या. "पण हिचा नवा नंबर परिचयपत्रातून बाहेर जाता कामा नये. हिचाच कशाला, कोणाचाच नको. ज्यांना बोलायचंय ते मंडळात फोन करतील."

"दोन दिवसांत करते, काकू."

आणि केलंही. परिचयपत्रात कोणकोणत्या ओळी येतील, उंची, शिक्षण, गोत्र, मोबाईल, ही यादी एका पीएचपी क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या एका फाइलमध्ये, तयार होत होती. तिथून मोबाईलची ओळ काढली. पानाच्या आराखड्यात, म्हणजे ब्लेडच्या फाइलमध्ये, तळाशी नवी ओळ घातली : 'संपर्कासाठी मंडळाच्या कार्यालयात फोन करावा.' माझ्या लॅपटॉपवरच्या साइटच्या प्रतीतून परिचयपत्र पाठवून पाहिलं, नंबर नव्हता. सर्व्हरवर नवा कोड ओढून घेतला, साइटवर 'नमुना पाहा' दाबलं, तिथेही नंबर नव्हता. काकूंना निरोप दिला आणि जेवायला बसले.

नऊ दिवसांनी, दुपारी, ती मुलगी स्वतःच माझ्याशी बोलली. काकूंनी तिला माझा नंबर दिला होता.

"मॅडम, त्याचा फोन आलेला. नव्या नंबरवर. हा नंबर पेशंट आणि मंडळ सोडून बाहेर कुठेच नाहीये."

आवाज चढलेला नव्हता. मला मात्र पहिल्या वाक्यालाच राग चढला. मी तिला थांबायला सांगितलं, आणि तिचं परिचयपत्र ज्या घरांत गेलं होतं त्यातल्या एका घरी काकूंना फोन करून विचारायला लावलं : पानाच्या तळाशी संपर्काची ओळ आहे का? आहे, असं उत्तर आलं. ओळ आहे म्हणजे नवा कोड चालू आहे. नवा कोड चालू आहे म्हणजे नंबर जाऊच शकत नाही. मला याहून मोठा पुरावा नको होता. मी तिला परत फोन लावला.

"हे बघा, आमच्याकडून नंबर गेलेला नाही. मी तपासलंय. तुम्हीच कुणाला तरी दिला असेल. पेशंटच्या घरच्यांपैकी कुणी पुढे दिला असेल. जरा आठवून बघा."

ती "बघते" म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या शनिवारी मी डोंबिवलीला काकूंकडे गेलेले, त्यांचा नवा प्रिंटर जोडून द्यायला. एका मुलाचे वडील आत आले. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी एक छापील कागद काढला आणि म्हणाले, "काकू, ही फिजिओथेरपिस्ट मुलगी आम्हाला बरी वाटली. पण खाली लिहिलंय मंडळात फोन करा, वर तिचा मोबाईल दिलाय. नक्की कुठे करायचा?"

मी कागद त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. तळाशी माझी नवी ओळ. वर, रक्तगटाच्या खाली, मोबाईल क्रमांक. तोही नवा. एकाच पानावर दोन्ही.

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अगं, हे कसं काय?"

"सांगते," म्हटलं. मी काकूंच्याच कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर गेले.

घोडं कुठे पेंड खात होतं ते कळायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. 'पाठवा' दाबलं की परिचयपत्र तिथल्या तिथे तयार होत नाही. कामाची नोंद रांगेत लागते आणि मागे चालू असलेला एक प्रोग्राम, त्याला वर्कर म्हणतात, एकेक नोंद उचलून काम उरकतो. साइट पूर्वी स्वस्तातल्या होस्टिंगवर होती तेव्हा हा वर्कर दर मिनिटाला नव्याने सुरू व्हायचा, रांग रिकामी झाली की बंद व्हायचा. त्यामुळे मी कोड बदलला की पुढच्या मिनिटाला त्याला आपोआप तो मिळायचा. अडीच महिन्यांपूर्वी मी साइट स्वतंत्र सर्व्हरवर नेली. तिथे वर्कर एकदा सुरू केला की चालूच राहतो, पडला तर सुपरवायझर नावाचा प्रोग्राम त्याला पुन्हा उभा करतो. ही सोय मीच केली होती आणि तिचं मला कौतुकही होतं.

पण असा चालू राहणारा वर्कर क्लास एकदा वाचतो आणि तो बंद होईपर्यंत तेच मेमरीत धरून ठेवतो. डिस्कवर मी फाइल बदलली, याचा त्याला पत्ता नसतो. त्याला थांबवून पुन्हा सुरू करावं लागतं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. लाराव्हेल येणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. जुन्या होस्टिंगवर गरज नव्हती म्हणून माझ्या हाताला त्या कमांडची सवय नव्हती, इतकंच. सर्व्हर बदलल्यावर कोड बदलायची ही पहिलीच वेळ होती.

पानाचा आराखडा मात्र प्रत्येक परिचयपत्राच्या वेळी फाइलमधून पुन्हा घेतला जातो, आणि मुलीची माहिती डेटाबेसमधून ताजी येते. म्हणून तळाची ओळ नवी, नंबर नवा, आणि नंबर छापणारी यादी तेवढी जुनी. माझ्या लॅपटॉपवर रांगच नव्हती, तिथे सगळं त्याच क्षणी होतं. 'नमुना पाहा'चं पान वर्करकडे जातच नाही. मी जिथे जिथे पाहिलं तिथे नवा कोड होता. मी पाहिलं नव्हतं ते फक्त लोकांना मिळालेलं पान.

वर्कर कधीपासून चालू आहे ते पाहिलं. सर्व्हर बदलल्या दिवसापासून. `php artisan queue:restart` लिहून एन्टर दाबलं. हातातलं काम संपवून वर्कर थांबला, सुपरवायझरने नवा उभा केला. स्वतःच्या ईमेलवर परिचयपत्र पाठवलं आणि या वेळी उघडून पूर्ण वाचलं. नंबर नव्हता.

मग पाठवल्याची नोंद काढली. नवा नंबर नोंदल्यापासून तिचं परिचयपत्र सात घरी गेलं होतं. काकूंनी यादीवरून बोट फिरवलं आणि चौथ्या नावावर थांबल्या. "हा त्या नकार दिलेल्या मुलाचा आतेभाऊ," म्हणाल्या. त्यांना आतेभाऊ माहीत असून पाठवताना लक्षात आलं नव्हतं, ते त्यांच्या मनाला लागलं असावं. मी म्हटलं, "काकू, नंबर छापला नसता तर आतेभावाला जाऊन काही बिघडलं नसतं." त्या म्हणाल्या, "तिला तू सांगशील, का मी सांगू?"

फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि फोनवर सांगणं बरंही नव्हतं. सोमवारी ती टेंभी नाक्याजवळ एका पेशंटकडे येणार होती. काकूंकरवी तिला निरोप देऊन मी अकरा वाजता तिथल्या एका उपाहारगृहात जाऊन बसले. ती आली, खांद्याला मोठी बॅग, हातात व्यायामाचे रबरी पट्टे. माझ्या मनात तिचं जे चित्र होतं त्यापेक्षा ती बुटकी आणि दणकट होती.

मी सगळं सांगितलं. वर्कर, जुना कोड, सात घरं, आतेभाऊ. "चूक माझी आहे," म्हटलं. "पूर्ण माझी. आणि त्यावर तुम्हाला बोलले ती दुसरी."

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "पण तुम्ही तपासलंय म्हणालेलात."

"हो."

"म्हणून मी मानलं. कॉम्प्युटरवालीच सांगते म्हटल्यावर. मग मी आठवायला बसले, कुणाकुणाला दिलाय ते. चौदा पेशंट. चौदाही घरी फोन करून विचारलं, माझा नंबर तुम्ही कुणाला दिलात का म्हणून." तिने चहाचा कप बाजूला सरकवला. "कसं विचारणार? कितीही गोड बोललं तरी ऐकणाऱ्याला ते तसंच लागतं. तेरा जणांनी समजून घेतलं. एक आजी आहेत, खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांच्या मुलाला राग आला. म्हणाला, आमच्या घरावर संशय घेता? उद्यापासून येऊ नका."

चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे चोरानेच संन्यासी दाखवून दिला होता.

"मी त्यांना फोन करू का?" मी विचारलं. "खरं काय झालं ते सांगते."

"करा," ती म्हणाली. आजींच्या मुलाचा नंबर तिने स्वतः माझ्या मोबाईलमध्ये घातला. मंडळातून नाव काढायला तिने काकूंना आधीच सांगितलं होतं. सिमही पुन्हा बदलणार होती, आता परत सगळ्यांना कळवावं लागणार होतं. हे तिने बॅगेची चेन लावता लावता सांगितलं, आणि पुढच्या पेशंटची वेळ झाली म्हणून उठली.

मी तिथूनच फोन लावला. आजींच्या मुलाने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "ठीक आहे मॅडम, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण आता गरज नाही. नवी बाई ठेवलेली, तिचं आईशी जमलं नाही, दोन दिवसांत गेली. आई आता उठायलाच तयार नाही. म्हणते, ती चालवायची तेव्हा भीती वाटायची नाही."

मी म्हटलं, मग त्यांनाच परत बोलवा ना.

"कुठल्या तोंडाने बोलवू?" तो म्हणाला. "मी त्यांना काय काय बोललोय ते तुम्हाला माहीत नाही."

मी फोन कानाला तसाच धरून दारापर्यंत पळत गेले, पण ती रस्ता ओलांडून गेलेली होती. मग तिला फोन लावला. तिने उचलला नाही. माझा नंबर तिने साठवून ठेवला नसणार, आणि अनोळखी नंबर ती उचलत नव्हती.