शैलाताईंची मेंदी

कोलकात्यात बालीगंजच्या आमच्या इमारतीत शैला उपळेकर राहायला आल्या त्या नवऱ्याच्या बँकेच्या बदलीपायी. शरदराव निवृत्त झाले, बाकीचे बदलीवाले पुण्याला परतले, या मात्र राहिल्या. "इथे मासळीवाला मला नावाने हाक मारतो, तिकडे कोण मारणार?" म्हणायच्या. मराठी मंडळात त्यांचा मान होता आणि तो त्यांनी स्वतःच्या हातांनी कमावला होता, म्हणजे मेंदी लावून. गणपतीच्या आधी मंडळातल्या बायका त्यांच्या घरी जमायच्या. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवलेली मेंदी, जुन्या साड्यांचे तुकडे खांद्यावर, बाल्कनीत गप्पा. आणि डोकी धुतल्यावर केस काळेभोर. बाजारच्या मेंदीने होतात ते लाल. शैलाताईंच्या मेंदीने काळे.

"हात लागतो त्याला," त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, "हाताला काय, काळी शाई लावलीय का?" त्या हसायच्या आणि सांगायच्या नाहीत. नाव कादंबरी असलं तरी मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण वस्तीत पाणी, रेशन, दवाखाने यांच्यासाठी भांडून भांडून एवढं कळतं की जी गोष्ट सांगायची टाळली जाते तिच्यात काहीतरी असतं. तरी गप्प बसले. आमची शेजारीण होती ना!

गेल्या वर्षी मुग्धा पहिल्यांदाच आली. न्यू टाउनमध्ये आयटीत नोकरी, नवरा सारंगही तिथलाच. पहिल्या दिवशीच्या आरतीनंतर तिचं गाणं होतं, म्हणून तिलाही केस "नीट" हवे होते. शैलाताईंनी तिच्या डोक्यावर सगळ्यांत जाड थर दिला, लाडाने.

मेंदी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला खाज सुटली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे गणपती बसायच्याच सकाळी, सारंगचा फोन आला, थेट शैलाताईंना. मी त्यांच्याकडे चहाला बसले होते, फोन स्पीकरवर होता.

"काकू, मुग्धाचं कपाळ सुजलंय. कानामागे पाणी सुटतंय. डॉक्टरांना फोनवर विचारलं, ते म्हणाले, राहिलेली मेंदी धुवा, गार पट्ट्या ठेवा आणि सूज डोळ्यांकडे गेली तर आणा. पण ती पाणी लावू देत नाहीये. रंग जाईल म्हणते."

"आम्ही येतो," शैलाताई म्हणाल्या. उठताना त्यांनी स्वयंपाकघरातून एक छोटं रिकामं पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं. मी पाहिलं. टॅक्सीत बायपासवर मी विचारलंच, "ते काय आहे?"

"गप्प बस, कादंबरी." एवढंच.

मुग्धाला पाहून माझं डोकंच फिरलं. केसांच्या कडेने लालभडक पट्टा, कपाळ पाव फुगावा तसं, आणि वर सारंगने शेजारणीच्या सल्ल्याने मोहरीचं तेल थापलेलं. "तेल कशाला लावलंस रे?" मी ओरडले. "आयटीत कोडिंग करतोस, इथे काय फोडणी घालायचीय?"

"ओरडू नको तिच्यासमोर," शैलाताई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर खोचला.

नको नको म्हणणाऱ्या मुग्धाला बाथरूममध्ये खुर्चीवर बसवून डोकं मागे टेकवलं, पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून. हातमोजे घातले. पाणी गरम नाही, कोमट. सारंगकडे लहान मुलांचा शाम्पू मागितला, तो नव्हताच, मग खालच्या दुकानातून आला. घासायचं नाही, नखं लावायची नाहीत, नुसतं फेसवायचं आणि पाणी ओतत राहायचं. बादलीत पाणी आधी काळसर, मग चहासारखं, मग स्वच्छ. मग स्वच्छ सुती रुमाल गार पाण्यात भिजवून कपाळावर. सारंग बर्फ घेऊन आला, तर शैलाताईंनी त्याला परत पाठवला. "बर्फ थेट लावायचा नाही. कातडी आधीच रागावलीय."

"काकू, खाजवू का थोडं?"

"हात बांधून ठेवीन."

मुग्धा हसली, आणि हसताना तिचा वरचा ओठ एका बाजूला जाड दिसला. मी पाहिलं, शैलाताईंनी पाहिलं. डाव्या डोळ्याची पापणी तर एवढ्यात जवळजवळ मिटलीच होती.

"जीभ दाखव. गिळता येतंय? श्वास?" शैलाताईंचा आवाज बदलला.

"सगळं ठीक आहे, काकू. संध्याकाळी गाणं..."

"गाणं खड्ड्यात. सारंग, गाडी काढ."

"काकू, संध्याकाळी स्किनच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, तोवर..."

"ओठ सुजायला लागले की वाट बघायची नसते. आणि वाटेत हिचा आवाज घोगरा झाला, श्वास अडकला, चक्कर आली, तर गाडी थांबवून अँब्युलन्स. कळलं?" सारंगला कळलं.

जवळच्या मोठ्या खासगी रुग्णालयाच्या इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने नाडी, रक्तदाब, घसा पाहिला, छाती ऐकली. "श्वास चांगला आहे. काय लावलं होतं?"

मुग्धा म्हणाली, "शुद्ध मेंदी."

इथे शैलाताई गप्प बसू शकल्या असत्या. कोणाला कळलं असतं? मंडळातला सगळा मान त्या एका शब्दावर उभा होता. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, बोल गं बाई, नाहीतर मी बोलते.

त्यांनी पर्स उघडली आणि पाकीट टेबलावर ठेवलं. "शुद्ध नाही. मी त्यात ही डायची पूड घालते. म्हणून काळे होतात. या पोरीला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही."

डॉक्टरणीने पाकिटावरचं वाचलं. मुग्धाला विचारलं, "याआधी कधी काळ्या मेंदीचा त्रास?"

"गोव्याला हातावर काढली होती. फोड आले होते. मला वाटलं, ऊन लागलं."

"त्या काळ्या मेंदीतही हेच रसायन असतं, तिथेच शरीराने याची ओळख धरली. आता केसांच्या काळ्या रंगाला कधीच हात लावायचा नाही, पुढची वेळ याहून वाईट येऊ शकते. बरं झालं पाकीट आणलंत, उगाच अंदाज करावा लागला असता." सुजेवर औषध दिलं, खाजेवर गोळी दिली, काही तास निगराणीत ठेवलं. डोळा फार लाल होत नाही ना, ताप येत नाही ना, पू धरत नाही ना, हे घरी पाहायला सांगितलं. दुपार कलली तशी ओठाची सूज उतरू लागली.

संध्याकाळी आरती झाली. मुग्धाचं गाणं नव्हतं. त्या जागी शैलाताई माइकसमोर गेल्या, अजून सकाळचीच साडी नेसलेल्या.

"मी तुम्हा सगळ्यांच्या मेंदीत डाय घालत आले. आज मुग्धाचं डोकं सुजलं. ज्यांना कधी खाज आली असेल त्यांनी सांगा, लाजू नका. आणि हेही ऐका, पाकिटावर 'मेंदी' लिहिलं असलं तरी काळा रंग येत असेल, तर आत काय आहे ते वाचा."

हॉलमध्ये कुजबुज. मागून विजयाबाई म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आम्हाला फसवलंत?"

"फसवलं," शैलाताई म्हणाल्या. खाली बघून नाही, समोर बघून.

मोर्चात भाषणं करणारे खूप पाहिलेत मी. असं एका शब्दाचं भाषण कुणी केलेलं पाहिलं नव्हतं. मला त्या बाईचा अभिमान वाटला, इतका की विजयाबाईंशी मीच भांडणार होते, पण त्या स्वतःच उठून म्हणाल्या, "माझ्या कानामागे दोन वर्षं खाज आहे." आणि मग दुसरी, मग तिसरी.

यंदा गणपतीच्या आधी बायका पुन्हा बाल्कनीत जमल्या. कढईत मेंदी आणि चहाचं पाणी, दुसरं काही नाही. तरी शैलाताईंनी दोन दिवस आधी प्रत्येकीच्या कोपराच्या आतल्या बाजूला टिकली एवढा ठिपका लावून ठेवला होता. ज्यांची कातडी शांत राहिली, त्यांनाच पुढे मेंदी. मुग्धाला मात्र काहीच नाही. ती तिच्या दोन पांढऱ्या केसांसह लिंबू सरबत पीत बसली होती.

केस धुतल्यावर विजयाबाईंनी आरशात पाहिलं. "शैलाताई, हे तर विटकरी झाले!"

"विटकरी तर विटकरी. कपाळ शाबूत आहे ना?"

मुग्धाने बाल्कनीतच तिचं राहिलेलं गाणं म्हटलं. शैलाताई शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, विटकरी केस मोकळे सोडून.