तांदळात लिहिलेलं नाव

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने मी बायकोचं नवं नाव लिहिलं. ते आईने निवडलेलं होतं. आमच्याकडे तेव्हा मुलीचं पहिलं नावही बदलत. त्या नावाने तिने सारा संसार केला. माहेरचं नाव तळ्याला, तिच्या माहेरगावी, राहणारा तिचा भाऊ तेवढा घेई.

परदेशातल्या मुलीला दिवस गेले आणि बाळंतपणाला आई हवी म्हणून तिने फोनवर हट्ट धरला. पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हिचा शाळेचा दाखला काढला. त्यावर माहेरचं नाव होतं, आधारवर सासरचं. बँकेच्या पासबुकावरही सासरचंच, पण रोमन लिपीतलं स्पेलिंग आधारपेक्षा निराळं. खातं उघडताना कारकुनाने कानाला पटलं तसं लिहिलेलं.

तळ्याच्या शाळेत आम्ही दोघं गेलो. "दाखल्यावर नवं नाव नाय घालता येत, काकू," तिथला लिपिक म्हणाला. "रजिस्टरात जे हाय तेच देणार. तुम्ही राजपत्रात नाव बदलून घ्या."

"म्हणजे दोन्ही बायका मीच, हे सरकारने छापायचं?" ती हसली. "छापू दे. विमानात एकच बसणार आहे."

राजपत्राच्या अर्जात रोमन नाव मी पासबुकावरून उतरवलं. ते सगळ्यांत जुनं, म्हणून तेच खरं मानलं. राजपत्र छापून आलं, ते घेऊन आम्ही पासपोर्टला गेलो. खिडकीतल्या बाईंनी आधार आणि राजपत्र शेजारी शेजारी ठेवलं.

"मराठीत एकच आहे हो," मी म्हटलं.

"पासपोर्ट रोमनमध्ये छापतात, आजोबा. आधी आधार राजपत्राप्रमाणे करून घ्या, मग या."

आधारच्या दुरुस्तीचा अर्ज दिला आणि त्याच सुमारास हिचं दुखणं निघालं. नातू झाला. तिने तो फोनवर पाहिला, पडद्यावर बोट फिरवलं. आधार दुरुस्त होऊन आलं तेव्हा तिला उठून बसवत नव्हतं. मी ते उशाशी ठेवलं. "आता जुळलं," म्हटलं. तिने मान हलवली, बघितलं नाही.

मृत्यूची नोंद करताना ग्रामसेवकाने आधारवरून नाव उतरवलं, दोन्ही लिप्यांत. कुणी काही विचारलं नाही.

मुलीला तान्ह्या बाळाला घेऊन येता आलं नाही. हरिहरेश्वरला पिंड ठेवताना गुरुजींनी नाव विचारलं. मी सासरचं सांगितलं. मागे उभ्या असलेल्या तिच्या भावाने हळूच माहेरचं घेतलं. गुरुजी थांबले, माझ्याकडे पाहू लागले.

कावळा बराच वेळ दगडावर बसून होता. खाली उतरला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही उठलो.