ओळीचा दुसरा अर्धा

माझा गळा चांगला होता, हे मी आधीच सांगून टाकतो. विनय दाखवायचं माझं वय गेलं. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जिथं जिथं उरूस भरायचा, तिथं आमच्या चौकीला बोलावणं असायचं आणि मधली बैठक माझी असायची. चौकी म्हणजे कव्वालांचा ताफा. एक पेटी, एक ढोलक, साथीला चुलतभाऊ आणि टाळ्या धरणारी आमचीच भावकी. आम्ही घरात दखनी बोलायचो, बाजारात मराठी, आणि भांडण जुंपलं की जी आधी तोंडात येईल ती. शिक्षण साताऱ्यात मराठी शाळेत झालं, गाणं वडिलांकडं.

पण जिकीर, म्हणजे अल्लाच्या नावाचा जप, मी शिकलो सांगलीच्या अलीकडं, कृष्णेच्या काठावरच्या एका तकियात, फकिरांच्या मठीत. तिथले पीर मूळचे वाळव्याकडचे शेतकरी. बोलणं अस्सल त्या मातीतलं. मुरीद, म्हणजे त्यांचे शिष्य, त्यांना हजरत म्हणत, गावातले हिंदू-जैन बाबा म्हणत, आणि त्यांना दोन्ही चालायचं. दर गुरुवारी असरच्या, म्हणजे दुपार कललेल्या वेळच्या नमाजानंतर हलका बसायचा, म्हणजे आम्ही सगळे गोल करून गुडघ्यांवर बसायचो. डोळे मिटलेले. 'ला इलाहा' म्हणताना मान डावीकडून उचलून उजव्या खांद्याकडं न्यायची, जणू काळजातलं जे जे दुसरं आहे ते उपसून मागं टाकायचं. मग 'इल्लल्लाह' म्हणताना मान खाली आणून डाव्या छातीवर, काळजावर घाव घालायचा. आधी नाही म्हणायचं, मग आहे म्हणायचं. बराच वेळ ते चाललं की शब्द कमी होत. नुसतं 'अल्लाह' उरायचं, मग नुसतं 'हू', म्हणजे 'तो', आणि शेवटी तेही ओठांवर नसायचं. श्वास आत जाताना नाव, बाहेर येताना नाव. घरी जाताना, शेंगा फोडताना, गिऱ्हाइकाशी बोलताना तेच आतल्या आत चालू ठेवायचं, असं ते सांगत.

पहिल्याच गुरुवारी मी माझ्या सवयीनं सूर लावला. बाबांनी डोळे न उघडता मला थांबवलं आणि म्हणाले, "गळा भाईर ठेवून ये. हितं छातीवर घाव पडाय पायजे." मला राग आला. खरं सांगायचं तर घरी पोचेपर्यंत तो उतरला नाही. पण पुढच्या गुरुवारी मी गेलोच, कारण त्या माणसावर माझा जीव जडला होता. आमच्यात म्हणतात, मुरीद आधी पिरावर प्रेम करायला शिकतो, मग त्याच्या मागून पुढं जातो. नुसत्या अकलेनं वाट सापडत नाही. मला अक्कल बेताचीच होती, त्यामुळं हे सोयीचं पडलं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, तेव्हा लढाई चालू होती आणि रॉकेल मिळत नव्हतं. पेट्रोमॅक्स पेटवायचे कशानं? म्हणून तकियातल्या उरसाची कव्वाली दुपारची ठेवली, जोहर आणि असर या दोन नमाजांच्या मध्ये. मी आदल्या दिवशीच पोचलो. बाबांना बघून चरकलो. गालफडं बसलेली, आवाज चिरका झालेला. महिनाभर ते रोज एक खजूर आणि पाणी यावर होते. आणि मुरीदांना सांगत होते की या उरसात आपल्याला बोलावणं येणार आहे, समामध्ये.

समा म्हणजे ऐकणं. आमच्या वाटेवर गाणं करमणुकीसाठी ऐकत नाहीत. हातपाय-तोंड धुऊन वजू करून, योग्य वेळी, योग्य जागी, योग्य माणसांत बसून ऐकतात, आणि ऐकता ऐकता एखाद्या ओळीनं माणसाला हाल येतो. हाल म्हणजे माणूस स्वतःच्या ताब्यात राहत नाही. त्या वेळी कव्वालाला एक कायदा असतो: ज्या ओळीवर हाल आला, ती ओळ सोडायची नाही. तो शांत होईपर्यंत तीच पुन्हा पुन्हा गायची. जुन्या काळच्या एका थोर बुजुर्गांची गोष्ट आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. ते एका शेराच्या पहिल्या अर्ध्या ओळीवर मरायचे आणि दुसऱ्या अर्ध्यावर जिवंत व्हायचे. असं बराच काळ चाललं. शेवटी कव्वालांनी पहिल्या अर्ध्यावर थांबवलं आणि ते गेले. याहून मोठं मरण नाही, असं आम्ही मानतो. प्रियकर स्वतःला इतका विसरला की परतायला कोणी उरलंच नाही.

बाबांना तसं जायचं होतं. आणि खलिफा, म्हणजे त्यांच्यानंतर गादीवर बसणारा मुरीद, डोळ्यांत पाणी आणून हे ज्याला त्याला सांगत होता. सगळ्या तकियात जणू लग्नघाई चालली होती. मला ते आवडलं नाही, पण बोलणारा मी कोण?

बोलल्या त्या अम्मा, बाबांची बायको. उरसाच्या सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. पुढ्यात शाळूची भाकरी आणि ठेचा ठेवला आणि मी खाईपर्यंत चूल सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्येंना न्यायचं असलं तर अल्ला न्हेईल. मी आडवी यायची न्हाई. पर तुज्या गळ्यानं न्हेऊ नगंस."

मी म्हटलं, अम्मा, हाल आलेल्या ओळीवरून हलायचं नाही असा कायदा आहे. त्या म्हणाल्या, कायदा मला माहीत आहे, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी त्या बांबूच्या काड्यांच्या पडद्याआडून ऐकते आहे. आणि भाकरीचं ताट उचलून आत गेल्या.

दुपारी बैठक बसली. बाबा मधोमध, टेकायला काही नाही, कारण समामध्ये टेकून बसत नाहीत. समोर आम्ही, उजवीकडं खलिफा, भिंतीकडं पडदा आणि त्याच्यामागं बायका. आधी कौल झाला, म्हणजे पैगंबरांच्या वचनावरचं गाणं, मग नात, म्हणजे पैगंबरांची स्तुती, मग पिरांची. बाबा मान खाली घालून बसले होते. मग मी वडिलांनी रचलेला एक शेर उचलला. उरसात तो हमखास गायचो, मुद्दाम काढला असं नाही.

*तेरे दर पो आके मैं तो नाँव अपना खो दिया,*
*नाँव ले को तू पुकाऱ्या, नवा दम मुज कू दिया.*

पहिला अर्धा एकदाच गायलो आणि बाबांनी 'हू' म्हटलं. ते आमच्या हलक्यातलं 'हू' नव्हतं. पोटातून आलं. ते उभे राहिले, तसे आम्ही कव्वाल सोडून सगळे उभे राहिले, कारण हाल आलेला माणूस उभा राहिला तर कोणी बसून राहत नाही. खलिफानं मला बोटानं खूण केली: हीच ओळ. मी तीच गायलो. 'नाँव अपना खो दिया.' टाळ्या एका ठोक्यावर आल्या, ढोलक खाली उतरला, आणि बाबांचा प्रत्येक श्वास त्या ओळीच्या शेवटावर पडायला लागला. ते हळूहळू खाली बसले. मग आडवे झाले. ओठ पांढरे पडले. ज्यानं त्यांचा हात धरला होता तो खलिफाच्या कानात काहीतरी बोलला. खलिफाचा चेहरा उजळला. मी ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

कारण मला तेव्हा कळलं की ही सगळी मंडळी एक गोष्ट पुन्हा घडताना बघायला जमली आहेत. आणि गोष्टीतला कव्वाल मी होतो.

वडील म्हणायचे, शेराला दोन बाजू असतात, एक घेते आणि एक देते, आणि कव्वालानं कधी एकीवरच मुक्काम करू नये. कायदा म्हणतो ओळ सोडू नकोस. पण ओळ पुरी कुठं गायली होती? मी अर्धीच गात होतो. चुलतभावाच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं, वरचा षड्ज धरला आणि दुसरा अर्धा टाकला. 'नाँव ले को तू पुकाऱ्या.' नाव घेऊन तू हाक मारलीस. ढोलकवाला बिचकला, पण मागं आला. खलिफा माझ्याकडं असा बघत होता की नजरेनंच पेटी फोडेल. मी त्याच्याकडं बघायचं सोडून दिलं. पुन्हा गायलो, पुन्हा गायलो, टाळ्या वाढवल्या. पडद्यामागं गलबला झाला, तिकडंही लक्ष दिलं नाही. माझ्या आयुष्यात मी तसा कधी गायलो नाही. आणि बाबांची छाती हलली. मग पापण्या हलल्या. त्यांनी डोळे उघडले, मान वळवली, पण माझ्याकडं नाही, पडद्याकडं. बऱ्याच वेळानं कोणीतरी पाणी पाजलं. मी दुसऱ्या अर्ध्यावर बैठक संपवली. असरची अजान झाली.

नमाजानंतर खलिफानं मला वडाखाली गाठलं आणि सांगितलं की तू समाचा अदब मोडलास, पिरांना दारातून ओढून आणलंस, आता या तकियात पुन्हा गाऊ नकोस. मी म्हटलं, ते पीर सांगतील. ऐकून घेतलं नाही. मला कसलीही शरम वाटत नव्हती. आजही नाही.

सकाळी बाबांनी बोलावलं. खलिफा आधीच तिथं बसला होता. बाबा भाताची पेज पीत होते. खलिफानं माझ्यावरचा आरोप पुन्हा सांगितला. बाबांनी वाटी खाली ठेवली आणि मला विचारलं की तुझ्या गाण्यानं मी परत आलो, असं तुला वाटतं का.

मी म्हटलं, "व्हय बाबा. दुसऱ्या कशानं?"

ते हसले. हसताना दम लागला. म्हणाले, "तू गात हुतास त्ये मला ऐकूच येत न्हवतं गड्या. पडद्यामागनं हिनं माझं नाव घेतलं. मोठ्यांदा."

खलिफानं मान खाली घातली. आमच्या भागात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात लग्नादिवशी घेतलं तर घेतलं, पुढं जन्मभर नाही. 'अवो', 'त्ये', 'घरातले' यावर संसार निघतो. अम्मांनी त्या भरल्या बैठकीत, खलिफासमोर, सगळ्या बायकांसमोर नवऱ्याला नुसत्या नावानं हाक मारली होती. मी गात होतो तीच ओळ त्यांनी करून दाखवली होती आणि मला वाटत होतं सगळी करामत माझ्या षड्जाची.

बाबा म्हणाले की जन्मभर अल्लाचं नाव घेतलं, त्याच्या दारात आपलं नाव टाकून दिलं, आणि तिथं उभा असताना तेच नाव कोणीतरी इतक्या मायेनं उच्चारलं की मला वाटलं तोच बोलावतोय. "मग वळलो, तर ही हुती," ते म्हणाले. "आता तूच सांग, मी कुणाच्या हाकंनं आलो?"

खलिफानं पेजेची वाटी उचलून त्यांच्या हातात दिली. मी पुढं बरीच वर्षं तिथं गायलो, ते आधी सांगून टाकतो.

मग बाबा आतल्या दाराकडं तोंड करून जरा लाजत म्हणाले, एकदा अजून घे की ते नाव.

आतून भांड्यांचा आवाज थांबला. अम्मांचा आवाज आला, नेहमीचाच, जरा वैतागलेला.

"गरज हुती तवा घेतलं. आता पेज निवायच्या आत प्या."