दुपारची जांभई

दिगंबररावांनी मला एकच काम सांगितलं होतं, आणि तेही न करण्याचं. "मी येईपर्यंत हात खिशात घालून उभा राहा," ते म्हणाले होते. माझ्या धोतराला खिसे नव्हते, एवढंच कारण मी पुढं बरेच दिवस सांगत असे.

त्या सकाळी ते पत्नीला, कालिंदीवहिनींना, इस्पितळात पोचवायला गेले होते. वहिनींच्या छातीत दोष होता. नव्या औषधाची इंजेक्शनं चालू होती आणि ती सोन्याच्या भावानं मिळत. मी कलकत्त्याच्या लायन्स रेंजमधल्या शेअरबाजाराच्या हॉलमध्ये एकटा उभा होतो. गळ्यात उमेदवाराचा बिल्ला आणि हातात एक ऑर्डर. खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचे अधिकारी असलेले श्यामकांत सबनीस, आमचं मराठी गिऱ्हाईक, यांना एका तागाच्या गिरणीचे पाचशे शेअर घ्यायचे होते. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं: चोवीस रुपयांच्या वर नको, दिवसभरात केव्हाही.

घंटा झाली आणि हॉलमध्ये जे उसळलं त्याला माझ्या चाळीसगावच्या शाळेत उपमा नाही. रात्री परदेशातून तागाच्या तेजीची तार आली होती. आदल्या संध्याकाळपासून साठलेल्या साऱ्या ऑर्डरी, मुंबईच्या, मोफसलच्या, म्हणजे बाहेरगावच्या, एकदम दारातून आत घुसल्या. भाव चोवीसला उघडलाच नाही. पावणेपंचवीसवर उघडला आणि धावत सुटला. मला वाटलं, गाडी सुटली. मास्तर म्हणत, घंटेआधी जो वर्गात तो हुशार. मी हुशारी केली. धक्के खात, ओरडत, पाचशेच्या पाचशे शेअर घेतले. साडेपंचवीसनं.

दहा मिनिटांनी कल्लोळ ओसरला तेव्हा भाव पंचवीसच्या खाली घसरत होता आणि दिगंबरराव दारात उभे होते.

त्यांनी माझ्या हातातलं सौदे टिपायचं पॅड वाचलं. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "चांगलं जोरात ओरडलास वाटतं. घसा बसलाय तुझा."

दिगंबर आठल्ये म्हणजे लायन्स रेंजमधला एकमेव मराठी माणूस. मी धरला तर दीड. वडील रेल्वेत कारकून म्हणून कलकत्त्याला आले आणि राहिले. मुलगा इथंच जन्मला, बागबाजारात. कधीकाळी मराठ्यांच्या भीतीनं शहरानं जो खंदक खणला त्याच्या उगमाशीच बिऱ्हाड, आणि यावर ते स्वतःच हसत: "दोनशे वर्षांनी एक शिरला आत, तोही भाड्यानं." मराठी अशा बंगाली वळणानं बोलत की आमच्या आईनं ऐकली असती तर पाहुण्याला जेवायला वाढण्याआधी जात विचारली असती. बंगाल्यांना ते 'दिगूदा', मारवाड्यांना 'पंडितजी'. पंचवीस वर्षं ते घोषालबाबू नावाच्या दलालाच्या वतीनं हॉलमध्ये सौदे करत आले होते. त्यांच्या कोटावर पितळी बिल्ला होता. बिल्ल्याशिवाय माणूस हॉलमध्ये शिरू शकत नाही, आणि हॉलबाहेर दिगंबरराव म्हणजे कोणीच नव्हते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरा कोण दलाल ठेवणार?

सबनीस टेलिफोनवर शांतपणे म्हणाले, "आठल्ये, चोवीसच्या वरचा माल माझा नाही." खरंच होतं ते. मर्यादा ओलांडून घेतलेला माल घेणाऱ्याच्या गळ्यात, आणि उमेदवारानं घेतला तर त्याच्या वरच्याच्या. आणि घोषालबाबूंचा नियम सगळ्या पेढीला पाठ होता: चुकीचा माल त्याच दिवशी, घंटेआधी विकून मोकळं व्हायचं. तोटा तुमच्या तीनशे रुपयांच्या ठेवीतून. ठेव संपली की बिल्ला परत. नवी तीनशेची ठेव भराल तेव्हा नवा.

"म्हणजे शेअरमागं साधारण नऊ आणे तोटा आपल्याला चालेल," दिगंबरराव म्हणाले. "पंचवीसच्या आसपास सुटलं पाहिजे. सुटेल. फक्त दुपारी काही करायचं नाही."

पण दुपार झाली आणि हॉल झोपला. सकाळी जिथं पाय ठेवायला जागा नव्हती तिथं एक म्हातारा पेपर वाचत होता. कोणी चहाला गेलं, कोणी जेवायला. आमच्या शेअरचा जॉबर, म्हणजे घेण्याचा आणि विकण्याचा असे दोन भाव सतत पुकारणारा सौदेवाला, झाबरमलजी, स्टुलावर बसून पान लावत होता. सकाळी त्याच्या दोन भावांत दोन आण्यांचं अंतर असे. आता विचारलं तर म्हणाला, "साडेतेईस में लूंगा, सवा चौबीस में दूंगा. और वो भी पचास, पंडितजी. पचास से ज्यादा अभी मेरे बस का नहीं."

"साडेतेवीस!" मी मागं वळलो. "दिगंबरराव, भाव पडला."

"हा भाव नाही. ही जांभई आहे," ते म्हणाले. "समोर गिऱ्हाईकच नसलं की जॉबर स्वतःला जपतो, अंतर वाढवतो. आत्ता पन्नास शेअर टाकले तरी भाव हलतो. त्याला हलवणारे आपणच, आणि पडलं म्हणून रडणारेही आपणच."

आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर गेलो. त्यांनी कचोऱ्या सांगितल्या. माझ्याजवळ पैसे नव्हते. चार आणे त्यांनीच दिले. "उद्या दे," ते म्हणाले.

मला गप्प बसता येत नाही, हा दोष घरचा. मी म्हटलं, "आणि संध्याकाळी आणखी पडलं तर?"

"शेवटच्या तासाला सगळे परत येतात. ज्यांनी सकाळी विकलंय आणि ज्यांच्याकडं माल नाही, त्यांना घंटेआधी परत घ्यावंच लागतं. गिऱ्हाइकांनी 'आजच करा' म्हणून दिलेल्या ऑर्डरी असतात, त्याही तेव्हाच निघतात."

"पण माझ्यासारखे सकाळी घेऊन अडकलेले? त्यांनाही तेव्हाच विकावं लागणार ना?"

कचोरी त्यांच्या हातात तशीच राहिली. "ते किती आहेत हे कोणाला ठाऊक नसतं," ते हळू म्हणाले. "तेवढंच कोणाला ठाऊक नसतं, विजय."

त्या क्षणी मी तोंड मिटलं असतं तर ही गोष्ट निराळी झाली असती. पण मी म्हणालो, "वहिनींची इंजेक्शनं आहेत हो. थोडे तरी काढून टाका. उरलेल्यांचं संध्याकाळी बघू."

पंचवीस वर्षांत ज्या माणसानं दुपारी बोट उचललं नव्हतं, तो उठला आणि आत गेला. त्यांच्या मनात इस्पितळाची खाट होती हे मला चेहऱ्यावरून दिसत होतं. मी मागं मागं, एखादं शहाणं काम घडवून आणल्यासारखा.

"झाबरमलजी, दोनसौ देना है."

"दोनसौ?" पानाचा चुना त्याच्या बोटावरच राहिला. "इस टाइम? पंडितजी, तबीयत तो ठीक है?"

पहिले पन्नास साडेतेवीसला गेले. पुढचे सव्वातेवीसला. मग तेवीस. शेवटचे पन्नास पावणेतेवीसला. प्रत्येक सौद्यानंतर झाबरमल भाव खाली घेत होता आणि दिगंबरराव मान हलवत होते, जणू दुसऱ्याच कोणाचा माल जातोय. हॉलमधले चारदोन डुलणारे जागे झाले. 'दिगूदा विकतोय' एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनीही, हातात माल नसताना, विकायला सुरुवात केली.

दिगंबररावांनी पॅडवर हिशेब मांडला आणि मला दाखवला. दोनशे शेअरांतच पावणेपाचशेचा तोटा. उरलेले तीनशे आता साडेपंचवीसच्या वर, नीट सांगायचं तर सव्वीस आणि वर दोन आणे, असे विकले गेले तरच ठेवीत काही उरणार होतं.

"मी..." मी सुरुवात केली.

"तू काही केलं नाहीस," ते म्हणाले. "विकायला मी गेलो. तू फक्त वहिनींची आठवण करून दिलीस. ती मलाच असायला हवी ना?"

ते भिंतीला टेकून उभे राहिले. दोनदा घड्याळ काढलं आणि न बघताच ठेवलं. मी आयुष्यात इतकी लांब दुपार पाहिली नाही.

शेवटचा तास आला तेव्हा आधी दारातून आवाज आला, मग माणसं. पहिल्या लाटेत माझ्यासारखेच होते, सकाळचे हुशार. ते विकत सुटले आणि भाव साडेबावीसला गेला. दिगंबररावांनी डोळे मिटले. मी त्यांचा कोट धरून ठेवला. ते पुन्हा विकतील या भीतीनं, की मी पडेन म्हणून, कोण जाणे.

मग घेणारे आले. सकाळी विकलेले, आणि दुपारी आमच्या मागून विकलेले. माल कोणाकडंच नव्हता आणि घंटा जवळ येत होती. तेवीस. चोवीस. झाबरमल आता स्टुलावर उभा होता, त्याच्या दोन भावांतलं अंतर पुन्हा दोन आण्यांवर आलं होतं. दुपारी 'दिगूदा विकतोय' म्हणून विकणारा एक पोरगा रडवेल्या आवाजात पंचवीसला मागत होता. आमच्याच घाबरण्यानं पेटवलेली तेजी ती. आणि ती आम्हाला पुरते की नाही, हा प्रश्न.

साडेपंचवीस. पावणेसव्वीस.

"विका!" मी ओरडलो.

"अजून चार-सहा आणे," ते पुटपुटले. ओठ पांढरे पडले होते. "आणखी थोडं. एवढंच. थोडं."

सव्वीसला दोन आणे कमी, असा भाव पुकारला गेला. शिपाई घंटेकडं चालू लागला. माल हातात राहिला तर उद्याचा तोटा घोषालबाबूंच्या डोक्यावर, आणि ते दिगंबररावांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. त्यांनी हात वर केला, तळवा बाहेर. "तीनसौ दिया!"

घंटा झाली.

घोषालबाबू वाईट माणूस नव्हते. त्यांनी हिशेब दोनदा तपासला. तोटा तीनशे बासष्ट रुपये आठ आणे, ठेव तीनशे. चष्मा काढून म्हणाले, "दिगूदा, एकासाठी नियम मोडला तर उरलेल्यांना काय सांगू?" दिगंबररावांनी बिल्ला स्वतःच काढला. पिन कोटात अडकली होती, ती सोडवायला मी पुढं झालो तर म्हणाले, "राहू दे. तुझे हात लागले की काम लवकर होतं."

संबंध दिवसात त्यांनी मला दोष दिला तो एवढाच.

नवी ठेव जमली नाही. इंजेक्शनं आधी होती. मला मात्र उमेदवार म्हणून ठेवलं, कारण माझी चूक दिगंबररावांच्या नावावर जमा झाली होती. ते आता हॉलबाहेरच्या फुटपाथवर उभे राहून लोकांच्या चिठ्ठ्या इकडून तिकडं पोचवतात. घंटा झाली की भिंतीला कान लावल्यासारखे थांबतात. आत काय चाललंय ते नुसत्या आवाजावरून सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर.

पहिल्या पगाराच्या दिवशी मी दुपारी टपरीवर गेलो आणि चार आणे त्यांच्यापुढं धरले.

"दुपारी?" ते म्हणाले. "एवढं होऊनही? शेवटच्या तासाला ये, घेतो."

शेवटच्या तासाला मी आत असतो. ते बाहेर.