आकृती चारमधलं जाडजूड मूळ

विभागात तिला सगळे ताई म्हणत. बरीच वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून झाल्यावर अभ्यासरजा घेऊन ती पीएच.डी.ला आली होती, आणि प्रयोगशाळेतली बाकीची मुलं तिच्या निम्म्या वयाची होती. रजा या सत्राअखेर संपणार होती. त्याआधी शेवटच्या प्रकरणावर मार्गदर्शकांची सही मिळाली नाही, तर पुन्हा खडू हातात घ्यायचा आणि प्रबंध माळ्यावर टाकायचा, एवढाच हिशेब होता.

प्रकरण होतं खारवट जमिनीतल्या रोपांच्या मुळांवर. मुळाचा पातळ काप करायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा फोटो घ्यायचा आणि आतलं संरक्षक कडं किती जाड झालंय ते संगणकावर मोजायचं. साध्या जमिनीतल्या मुळांपेक्षा खारवट जमिनीतल्या मुळांचं कडं दुप्पट जाड निघालं होतं. सर खूश, ताई खूश.

मग एक दिवस एका जुन्या कापाचा फोटो पुसट वाटला म्हणून तिने तीच काच पुन्हा ठेवून नवा फोटो घेतला. तेच मूळ, तेच भिंग, पण मोजल्यावर जाडी जास्त भरली.

“काचेखाली बसल्या बसल्या जेवलं की काय हे!” ती शेजारच्या पोरीला म्हणाली.

दोघी हसल्या खऱ्या, पण ताईचं हसू लगेच विरलं. मधल्या काळात सूक्ष्मदर्शकावरचा कॅमेरा बदलला होता. नव्या कॅमेऱ्याचे ठिपके बारीक, म्हणजे तेवढ्याच मुळावर ते जास्त मावणार. संगणकात मात्र जुन्याच कॅमेऱ्याचं माप राहिलं होतं. साध्या जमिनीतली मुळं जुन्या कॅमेऱ्याने टिपलेली, खारवट जमिनीतली नव्याने. फोटोच्या कोपऱ्यात मोजमापाची जी पट्टी छापली जाते, ती निम्म्या फोटोंवर खोटी होती.

तपासायचा मार्ग सोपा होता. बारीक रेघा आखलेली एक काच असते, तिच्या दोन रेघांमधलं अंतर ठाऊक असतं. तिचा फोटो घेतला की संगणकाला खरं माप सांगता येतं. पण ती काच सरांच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली सरांच्या खिशात. सर सारखे परिषदांना जात.

म्हणून तिने पत्र लिहिलं. “आदरणीय सर, प्रकरणातल्या सर्व आकृत्या सोबत जोडल्या आहेत. आकृती चार कृपया बारकाईने पाहावी. कॅमेरा बदलल्यानंतरच्या फोटोंवरील मापपट्टी चुकीची असावी, अशी मला शंका आहे. आखलेली काच मिळाल्यास सर्व मापे पुन्हा घेईन. आकृती सहाच्या आलेखातल्या लाल आणि हिरव्या रेषा काळ्या-पांढऱ्या छपाईत सारख्याच दिसतात. तिथे तुटक रेषा चालेल का, तेही कळवावे.”

उत्तर यायला इतके दिवस लागले की तिने आशाच सोडली होती. आकृत्यांचा गठ्ठा परत आला तेव्हा वरच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं: “हिरवा रंग जरा गडद करा. बाकी छान.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत ती पाचवीतल्या मुलाची वहीसुद्धा न वाचता तपासत नसे. ती तडक सरांच्या खोलीत गेली.

“सर, आकृती चार पाहिलीत?”

“पाहिली की. परिषदेत दाखवलीसुद्धा. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या.”

“माझी आकृती?”

“आपली,” सर म्हणाले. “शेवटच्या पानावर आभारात नाव आहे तुमचं.”

“पण सर, तिची पट्टी चुकलीय. मी पत्रात लिहिलं होतं.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “ताई, तुम्ही पडलात शिक्षिका. चुका काढल्याशिवाय तुम्हाला अन्न गोड लागत नाही.”

“चूक मी माझीच काढतेय, सर. काच द्या, माप घेते.”

“आणि जाडी कमी भरली तर? दुप्पट म्हटलं की परीक्षक मान वर करतो. थोडीशी जास्त म्हटलं की जांभई देतो. कोण बसलंय तुमची मुळं मोजायला? सही हवी आहे ना? रजा संपत आलीय म्हणत होतात.”

सगळं कसं गोड आवाजात. वर चहा घेणार का, हेही विचारलं.

घरी आल्यावर तिने पिशवी खुर्चीवर आपटली. नवऱ्याने बातमी ऐकून घेतली आणि म्हणाला, “अगं, सही तर देताहेत ना? घे आणि मोकळी हो.”

“अहो, पट्टी खोटी आहे! उद्या मुलांना कोणत्या तोंडाने सांगू, मोजून लिहा म्हणून?”

आतून सासूबाई म्हणाल्या, “तो कसला गुरू? शिष्येने सांगितलं खड्डा आहे, तर म्हणतो वरून सतरंजी घाल! आणि तू रे, मोकळी हो काय मोकळी हो? तुझ्या गणिताच्या वह्या मीच तपासायचे, म्हणून बोलायला लागलायस.”

नवऱ्याने खुर्चीवरची पिशवी उचलून खुंटीला लावली. ताईला बऱ्याच दिवसांनी मनापासून हसू आलं.

दुसऱ्या दिवशी तिने तेच पत्र पुन्हा काढलं. एकही शब्द कडक केला नाही. आदरणीय सर, कृपया, कळवावे, सगळं जागच्या जागी. फक्त सहीखाली एक ओळ वाढवली: “प्रत माहितीसाठी: विभागप्रमुख.” विभागप्रमुख बाई आलेला प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि वर प्रश्न विचारतात, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं.

जेवणाच्या सुट्टीआधीच शिपाई आखलेली काच घेऊन आला. इतके दिवस सरांच्या खिशात बसलेली किल्ली आज चटकन बाहेर आली होती.

तिने काचेचा फोटो घेतला, प्रत्येक भिंगासाठी वेगळा, आणि संगणकाला नवं माप दिलं. मूळ फोटो पट्टीशिवाय जपून ठेवलेले होते, म्हणून काप पुन्हा करावे लागले नाहीत. नव्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो मात्र पहिल्यापासून मोजले. कडं दुप्पट नव्हतं, दीडपट होतं. फरक होता, आणि खरा होता. आकृती चारखाली तिने कॅमेरा कधी बदलला आणि माप कसं जुळवलं, ते सरळ लिहिलं. आकृती सहामध्ये हिरवी रेषा तुटक केली.

सरांनी सही केली. या वेळी मात्र प्रत्येक आकृतीवर बोट ठेवून, पान उलटण्याआधी दोनदा पाहून.

“नाराज नाही ना?” त्यांनी विचारलं. “परिषदेतल्या आकृतीचं मी कळवेन त्यांना, सवडीने.”

“सवडीने नको, सर. दुरुस्तीचं पत्र मी लिहून आणलंय. तुम्ही फक्त वाचून सही करा.” आणि मग थांबून म्हणाली, “वाचून.”

सरांनी वाचलं. कान लाल झाले, पण सही झाली.

छपाईला देण्याआधी तिने ऋणनिर्देशाचं पान उघडलं. पहिल्या वर्षी भाबडेपणाने लिहिलेलं वाक्य तिथे होतं: “ज्यांच्या साक्षेपी नजरेखालून या प्रबंधातील प्रत्येक आकृती गेली, त्या माझ्या मार्गदर्शकांची मी ऋणी आहे.” तिने ते पुसलं. त्या जागी सरांचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे एकच शब्द: मार्गदर्शक. तेवढंच खरं होतं, आणि तेवढंच ठेवून तिने पान छपाईला पाठवलं.