भाताच्या व्याख्यानातले दोन आवाज

भोरच्या आमच्या वाचनालयात भाताच्या देशी वाणांवर एक व्याख्यान झालं. त्याची पुस्तिका काढायची होती. मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगवरून यंत्राने उतरवलेला मजकूर तपासायला माझ्याकडे आला. त्यात एकही पूर्णविराम नव्हता, 'रायभोग' या वाणाचा 'राजभोग' झाला होता आणि सगळं बोलणं 'वक्ता १' या एकाच नावावर पडलं होतं.

मी रेकॉर्डिंग थांबवत थांबवत ऐकलं, वाक्यं तोडली, वाणांची नावं दुरुस्त केली. तेव्हा लक्षात आलं, बियाणं कसं निवडायचं आणि कसं राखायचं हे सांगणारा आवाज प्रमुख पाहुण्यांचा नव्हताच. तो श्रोत्यांत बसलेल्या हिर्डोशीच्या एका शेतकरी मावशींचा होता. मी ज्याचं बोलणं त्याच्या नावावर लावलं. पाहुण्यांकडे सत्काराबद्दलचे आभार, लांबलचक प्रस्तावना आणि "वेळेअभावी थांबतो" एवढंच उरलं.

वाचनालयाचे अध्यक्ष हादरले. "अहो, मुखपृष्ठावर फोटो पाहुण्यांचा आहे! यंत्रानेच एका नावावर दिलंय ना, मग तसंच राहू द्या."

"मावशींना विचारून घेतो," असं म्हणत मी स्पीकरवर फोन लावला.

सगळं ऐकून मावशी म्हणाल्या, "घाला की त्यांच्या नावावर! पर पुस्तक वाचून कुणी बियाणं मागाय आलं, तर त्यांच्याच घरी धाडा. हाय का त्यांच्याकडं?"

 मग अध्यक्ष म्हणाले, "मावशींचं नाव राहू द्या. पाहुण्यांचे आभार तेवढे ठळक अक्षरात घ्या."